विश्लेषण : धूसर फोटो ‘एआय’ने स्पष्ट केला, पण आकडाच बदलला… असे का होते?

गावातील प्रयोगशाळेने वडिलांच्या रक्ततपासणीचा अहवाल दिला. घरातल्या कुणीतरी त्याचा फोटो काढून कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला आणि तेथून तो शहरातील डॉक्टरांकडे जायचा आहे. पण फोटोत ‘क्रिएटिनिन’समोरचा आकडा धड वाचता येत नाही. मग तो फोटो स्पष्ट करून देणाऱ्या एखाद्या ‘एआय’ अ‍ॅपमध्ये टाकला जातो. काही सेकंदांत कागद पांढराशुभ्र, अक्षरे काळीभोर आणि आकडा स्पष्ट 1.3. कागदावर मात्र 1.8 छापलेले असते. मूत्रपिंडाच्या तपासणीत या दोन आकड्यांचे अर्थ वेगळे आहेत. पहिला अनेक प्रयोगशाळांच्या मर्यादेच्या काठावर बसतो, दुसरा डॉक्टरांना पुढच्या तपासण्या लिहायला लावतो. धूसर फोटोत निदान शंका तरी होती. ‘सुधारलेल्या’ फोटोने ती शंकाच पुसून टाकली. हे का घडते आणि ते टाळायचे कसे, याविषयी…

फोटोत बारीक अक्षराच्या वाट्याला किती पिक्सेल येतात?

हिशेब सोपा आहे. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावून त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. ए-४ कागदाने फोटोच्या लांबीचा चार-पंचमांश भाग व्यापला असेल, तर २९.७ सेंटिमीटरच्या कागदाला १२८० पिक्सेल मिळाले. म्हणजे एका मिलिमीटरला जेमतेम सव्वाचार. अहवालातला बारीक आकडा सुमारे दोन मिलिमीटर उंच असतो. त्याच्या वाट्याला उंचीत आठ-नऊ आणि रुंदीत पाच पिक्सेल येतात. अक्षराची रेघ एका पिक्सेलहून जराशी जाड असते.

आता 3 आणि 8 शेजारी ठेवून पाहा. दोघांची उजवी बाजू जवळपास सारखी असते. फरक आहे तो डाव्या बाजूच्या दोन कमानींत, म्हणजे पाच-सहा पिक्सेलच्या एका उभ्या ओळीत. त्यावर जेपीईजी पद्धतीचे आकुंचन होते. ही पद्धत चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातील बारीकसारीक चढउतार आधी टाकून देते. आपला आकडा जवळपास एका चौकोनाएवढाच आहे. त्यामुळे जे टाकून दिले जाते, त्यात नेमक्या त्या डाव्या कमानी असू शकतात. दशांश चिन्हाची अवस्था आणखी वाईट असते. ते एक-दोन पिक्सेलचे करडे डाग असते आणि कागदावरच्या धुळीच्या ठिपक्यापासून वेगळे ओळखता येत नाही.

अपस्केलर नेमके काय करतो?

फोटो लांबी-रुंदीत चौपट केला, की जिथे एक पिक्सेल होता तिथे सोळा लागतात. उरलेले पंधरा कुठून तरी आणावे लागतात. साध्या पद्धतीत शेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून ते भरले जातात. चित्र मोठे होते, पण धूसरच राहते. त्यात नवी माहिती येत नाही आणि खोटी माहितीही येत नाही.

न्यूरल अपस्केलर वेगळ्या मार्गाने जातो. त्याला शिकवताना लाखो स्पष्ट चित्रे घेतली जातात, ती मुद्दाम लहान, धूसर आणि डागाळलेली केली जातात आणि ‘यावरून मूळ चित्र बनव’ असा सराव करून घेतला जातो. अडचण अशी, की एकाच धूसर चित्राची मुळे अनेक असू शकतात. तोच करडा ठिपका 3 चाही असू शकतो आणि 8 चाही. सुरुवातीच्या जाळ्यांना ‘सरासरीने कमीत कमी चूक करा’ असे शिकवले जाई. ती जाळी सगळ्या शक्यतांची सरासरी काढत आणि चित्र पुन्हा गुळगुळीत होई. म्हणून २०१७च्या सुमारास दुसरी युक्ती रुळली. एक जाळे चित्र बनवते, दुसरे ते खरे वाटते की बनावट, याचा न्याय करते. या स्पर्धेत पहिले जाळे सरासरी काढायचे सोडते आणि एक शक्यता निवडून ती ठसठशीत रंगवते. ‘एसआरगॅन’ आणि २०२१ मधील ‘रिअल-ईएसआरगॅन’ ही याच कुळातली. आज मिळणारी अनेक मोफत साधने त्यांच्यावर उभी आहेत.

चित्र अधिक खरे ‘दिसावे’ आणि ते मुळाशी अधिक प्रामाणिक ‘असावे’, या दोन गोष्टी ठरावीक टप्प्यापुढे एकत्र साधत नाहीत. इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेच्या योखाय ब्लाउ आणि टोमेर मिखाएली यांनी २०१८ मध्ये हे गणिताने मांडले. बाजारातली अ‍ॅप दिसण्याच्या बाजूला झुकलेली असतात, कारण ग्राहक ‘आधी’ आणि ‘नंतर’चे चित्र पाहूनच अ‍ॅप निवडतो.

पण मग झाडाची पाने का बिघडत नाहीत?

तीही बिघडतात, फक्त कुणाला कळत नाही. दूरच्या वडाची पाने मुळात होती तशीच रंगवली गेली का, हे कोणी तपासत नाही. पान पानासारखे दिसले की पुरे. केस, गवत, विटा, लोकर यांचेही तसेच. अक्षराला ही सवलत नाही. 8 च्या जवळपास दिसणारा आकार हा ‘थोडासा 8’ ठरत नाही, तो 3, 6 किंवा 0 ठरतो.

दुसरे कारण असे, की सर्वसाधारण अपस्केलरला अक्षर म्हणजे काय हे ठाऊकच नसते. तो चित्राचे लहान तुकडे पाहतो आणि तेथे कडा कशी असावी याचा अंदाज बांधतो. वीस-पंचवीस पिक्सेल उंचीचे अक्षर त्याला सहसा जमते, कारण त्याच्या रेघा दिसत असतात आणि त्या फक्त नेटक्या करायच्या असतात. आठ-दहा पिक्सेलच्या अक्षरात रेघ कोणती आणि रेघांमधली जागा कोणती, हेच ठरवावे लागते. चुकीचे ठरले तरी कडा मात्र सुबकच येते. चौकटीच्या लांब सरळ रेघा छान उठतात आणि त्यांच्या आतली अक्षरे कुठल्यातरी अज्ञात लिपीसारखी दिसतात, ते यामुळेच.

खास मजकुरासाठी शिकवलेली जाळीही आहेत. त्यांच्या सरावासाठी ‘टेक्स्टझूम’ नावाचा चित्रसंच २०२० पासून वापरात आहे. दुकानाच्या पाटीवरील इंग्रजी शब्दांवर ती बरी चालतात, कारण शब्दाला शेजारच्या अक्षरांचा आधार असतो. आकड्याला तसा आधार नसतो. 1. नंतर 3 येईल की 8, हे कोणताही शब्दकोश सांगू शकत नाही.

‘डिफ्युजन’वर चालणारी नवी साधने अधिक चांगली आहेत का?

चेहरे आणि निसर्गचित्रांसाठी ती थक्क करणारी आहेत. बारीक मजकुरासाठी बहुतेक वेळा अधिक धोक्याची. त्यांपैकी अनेक साधने चित्रावर थेट काम करत नाहीत, आधी ते एका आटोपशीर सांकेतिक रूपात बदलतात. स्टेबल डिफ्युजनच्या मूळ आवृत्त्यांत ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे चित्र ६४ बाय ६४ घरांच्या तक्त्यात बसवले जाते. म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलला एक घर आणि त्या घरात फक्त चार संख्या. आपला आठ पिक्सेलचा आकडा पुन्हा एकदा एका घरात कोंबला गेला! त्यामुळे चित्रात काहीही न बदलता ते नुसते या रूपात नेऊन परत आणले, तरी बारीक अक्षरे विस्कटतात. त्यानंतर साधन आपल्या सरावातून तपशील भरू लागते आणि अक्षरासारख्या दिसणाऱ्या आकृत्या निर्माण करते. मूळ फोटोत स्पष्ट वाचता येणारा लहान मजकूर ‘सुधारणे’नंतर वाचता येईनासा होतो, त्यामागे हेच असते.

आकडे बदलल्याचे प्रकार याआधी घडले आहेत का?

सर्वांत बोलका प्रकार एआयच्या लाटेआधीचा आहे. २०१३ मध्ये जर्मनीतील संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रिझेल यांना झेरॉक्स कंपनीच्या काही यंत्रांवर स्कॅन केलेल्या बांधकाम आराखड्यात विचित्र गोष्ट आढळली. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळे 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये तिन्ही खोल्या 14.13 झाल्या. अंक अजिबात धूसर नव्हते. फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवत होते आणि इतरत्र तोच तुकडा चिकटवत होते. ‘सारखे’ ठरवण्याची कसोटी ढिली असल्याने एका आकड्याच्या जागी दुसरा बसला. पुढे कंपनीने त्यावर सॉफ्टवेअर दुरुस्ती दिली.

ते यंत्र न्यूरल नव्हते. पण चुकीची जात हीच आहे, अस्पष्टाच्या जागी सुबक पण वेगळे काहीतरी येणे. फरक असेल तर इतकाच, की तिथे चिकटवलेला तुकडा निदान त्याच कागदावरचा होता.

न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या किंग काउंटीमधील न्यायालयाने २०२४ मध्ये एका हत्येच्या खटल्यात एआयने स्पष्ट केलेली चित्रफीत पुरावा म्हणून स्वीकारण्यास नकार दिला. साधन आपल्या समजुतीने काय दाखवायला हवे ते ठरवते आणि त्याची पद्धत अपारदर्शक आहे, असा न्यायालयाचा आक्षेप होता.

देवनागरी मजकुराचे काय होते?

इथे नुकसान वेगळ्या जागी होते. शिरोरेषा लांब आणि सरळ असल्याने ती उत्तम उठते आणि ओळ वाचता येईल असा भास निर्माण होतो. तिच्या वरचे आणि खालचे लहान घटक आधी जातात. अनुस्वाराचा ठिपका एक-दोन पिक्सेलचा असतो, तो डाग समजून पुसला जातो. रफार आणि मात्रा एकमेकींसारख्या दिसू लागतात, जोडाक्षरे एकजीव होतात. आकड्यांत १ आणि ९, ४ आणि ५ यांच्यातला फरक एका लहान गाठीचा किंवा शेपटीचा असतो. जुन्या सातबाऱ्याच्या छायाप्रतीचा फोटो अशा अ‍ॅपमधून काढला आणि गट क्रमांक किंवा आणेवारीतला एक आकडा फिरला, तर तलाठी कार्यालयातला हेलपाटा ठरलेलाच. जमिनीच्या कागदांपुरता उपाय सोपा आहे. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून थेट काढता येतो. त्यात अक्षरे फोटोच्या रूपात नसून मजकुराच्या रूपात असतात आणि हवी तेवढी मोठी केली तरी बदलत नाहीत.

बिघाड झाला आहे, हे ओळखायचे कसे?

मूळ आणि सुधारित फोटो शेजारी ठेवून दोन बोटांनी मोठे करावेत. मुळात नुसता करडा ठिपका आहे आणि सुधारित चित्रात तिथे टोकदार कडांचा अंक आहे, तर तो अंक अंदाज आहे. त्याच पानावर तोच अंक आणखी कुठे आहे का, हेही पाहावे. छपाईत सगळे 8 एकाच साच्यातले असतात. सुधारित चित्रात एक 8 गोल, दुसरा कोनदार आणि तिसरा अर्धवट उघडा दिसला, तर साधन प्रत्येक वेळी नव्याने अंक बनवत आहे.

तिसरी चाचणी सर्वांत उपयोगी आहे. तोच फोटो कडेने चार-पाच पिक्सेल कापून पुन्हा त्याच अ‍ॅपला द्यावा, किंवा चौपटीऐवजी दुप्पट करून पाहावा. अंक खरोखर फोटोत असेल तर तो बदलायला नको. एकदा 3 आणि एकदा 8 आला, तर उत्तर त्या फोटोत नाही असे समजावे. मात्र दोन्ही वेळा 3 आला म्हणून तो खरा ठरत नाही. साधन एकच चूक पुन्हा पुन्हा करू शकते.

एक चाचणी मात्र फसवी आहे. सुधारित चित्र पुन्हा लहान करून मुळाशी जुळते का, हे पाहण्याचा सल्ला काही जण देतात. जुळले नाही तर साधनाने घोळ केला हे नक्की. पण जुळले म्हणून काहीच सिद्ध होत नाही, कारण अडचणीचे मूळच हे आहे की 3 आणि 8 दोन्ही लहान केल्यावर तसेच दिसतात.

मग सुरक्षित मार्ग कोणता?

सगळ्यात आधी मूळ फाइल मागावी. वरच्याच उदाहरणात, पाठवणाऱ्याच्या फोनमधील मूळ फोटोत त्या आकड्याची उंची आठ-नऊ नव्हे तर एकवीस-बावीस पिक्सेल आहे. तेवढ्यात 3 आणि 8 डोळ्यांनी वेगळे दिसतात, कुठल्याही अ‍ॅपची गरज नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला की तो आकुंचन न पावता पोहोचतो. ‘एचडी’चा पर्यायही नेहमीच्या पद्धतीपेक्षा बरा. कागद हाताशी असेल तर पूर्ण पानाचा एक फोटो आणि हव्या त्या ओळींचा जवळून दुसरा, असे दोन काढावेत. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय आणि झूम न करता. फोनच्या मोठ्या डिजिटल झूममध्येही अनेकदा अशीच जाळी काम करतात, त्यामुळे झूम करण्यापेक्षा दोन पावले पुढे जाणे केव्हाही चांगले.

काचेआडची सूचना किंवा उंचावरचा फलक अशा ठिकाणी जवळ जाता येत नाही. तिथे एकाऐवजी अनेक फोटोंचा उपयोग होतो. हात किंचित हलत असल्याने प्रत्येक फोटोत अक्षराची कड पिक्सेलांच्या जाळीवर थोड्या वेगळ्या जागी पडते. असे नऊ फोटो एकावर एक जुळवून सरासरी काढली, तर फोटोतील खरखर एक-तृतीयांशावर येते आणि जाळीच्या मधला तपशीलही हाती लागतो. गुगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ फोनच्या झूमसाठी हाताच्या याच कंपनाचा वापर केला होता. यात मिळणारी स्पष्टता प्रत्यक्ष प्रकाशातून आलेली असते.

आकुंचित फोटोशिवाय काहीच हाती नसेल, तर साधी साधने वापरावीत. गॅलरीतील संपादनात रंग काढून फोटो करडा करावा, कॉन्ट्रास्ट थोडा वाढवावा, सावली उजळावी. संगणकावर मोठे करायचे असेल तर ‘बायक्युबिक’ किंवा ‘लँक्झोस’ ही जुनी पद्धत निवडावी, तिप्पट पुरेसे होते. दोन मोह मात्र टाळावेत. एक म्हणजे ‘शार्पन’ शेवटपर्यंत ओढणे. त्याने अक्षराभोवती पांढरी कड येते आणि 8 किंवा 6 ची पोकळी भरून जाते. दुसरा मोह स्कॅनर अ‍ॅपमधील कृष्णधवल मोडचा. तो प्रत्येक पिक्सेल एकतर काळा करतो नाहीतर पांढरा. अक्षराच्या कडेवरील करड्या छटाच 3 आणि 8 मधला शेवटचा पुरावा असतात आणि तोच त्यात नष्ट होतो. मजकूर ओळखणारी ओसीआर साधनेही करड्या मूळ फोटोवरच चालवावीत. आधी एआयने स्पष्ट करून मग ओसीआरला दिला, तर ओसीआर चुकीचा अंक पूर्ण आत्मविश्वासाने वाचून दाखवते.

जुने कौटुंबिक छायाचित्र किंवा जाहिरात मोठी करायची असेल आणि तिच्यात थोडा मजकूर असेल, तर दोन्हींचे काम वेगळे करता येते. चित्राचा भाग न्यूरल साधनाने मोठा करावा, मजकुराचा पट्टा साध्या पद्धतीने मोठा करून त्याच जागी बसवावा. मजकूर नक्की माहीत असेल, तर तो नव्याने टाइप करणे सर्वांत स्वच्छ.

आकडा बरोबर वाचला, याची खात्री कशी करायची?

खात्री चित्रातून न करता कागदावरच्या इतर माहितीतून करावी. रक्ततपासणीच्या अनेक अहवालांत क्रिएटिनिनखालीच ‘ई-जीएफआर’ छापलेले असते. तो आकडा क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून सूत्राने काढलेला असतो. ६० वर्षांच्या पुरुषासाठी २०२१च्या प्रचलित सूत्राने क्रिएटिनिन १.३ असेल तर ई-जीएफआर सुमारे ६३ येतो आणि १.८ असेल तर सुमारे ४३. एका जागी 3 आणि 8 चा घोळ असला, तरी दुसऱ्या जागी 6 आहे की 4, हे बहुधा ओळखता येते. मर्यादेबाहेरच्या आकड्यापुढे प्रयोगशाळा ‘एच’सारखी खूण करते किंवा तो ठळक छापते, तीही पाहावी.

दुकानाच्या बिलात नग गुणिले दर आणि शेवटची बेरीज ही तपासणी करते. बँकेच्या आयएफएससी कोडमध्ये ११ चिन्हे असतात, पहिली चार अक्षरे आणि पाचव्या जागी कायम शून्य. तिथे सुधारित फोटोत इंग्रजी ‘ओ’ किंवा 8 दिसत असेल, तर बाकीच्या अंकांवरही विश्वास ठेवू नये. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आणि वस्तूवरील बारकोडखालचा शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून गणिताने येतो, त्यामुळे एक अंक चुकीचा वाचला गेला तर हिशेब जुळत नाही.

औषधाच्या पट्टीवरील मात्रा किंवा मुदतीची तारीख यांना असा आधार नसतो. तिथे 0.5 आणि 5 यांतला फरक त्या एका ठिपक्याचा आहे, आणि तो फोटोतून ठरवायचाच नाही. औषध दुकानदाराला पट्टी दाखवावी किंवा नव्याने जवळून फोटो मागवावा. प्रयोगशाळेच्या बाबतीत अहवालावरचा नोंदणी क्रमांक सांगितला, तर बहुतेक ठिकाणी पीडीएफ पुन्हा मिळते. ती येईपर्यंत डॉक्टरांना फोटो पाठवायचाच असेल, तर सुधारित प्रत न पाठवता मूळ फोटो पाठवावा आणि सोबत ‘क्रिएटिनिनचा दशांशानंतरचा अंक वाचता येत नाही’ एवढे लिहावे.